प्रत्येक पदाचा ताळा

४, ७, १२, १९, २८, ३९, ? पुढची संख्या कोणती?

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत, बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात असे प्रश्न हमखास असतात. बँकांच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांतही ते भेटतात. पाठोपाठ काही संख्या दिलेल्या असतात, त्यांना जोडणारा नियम आपण ओळखायचा आणि त्या नियमानं पुढची संख्या काढायची. मुलांना शिकवताना बहुतेक वेळ नियम सुचण्यावर खर्च होतो. फरक काढून बघा, वर्ग बघा, घन बघा, एकाआड एक संख्या बघा. हे सगळं उपयोगाचं आहेच. पण सुचलेला नियम बरोबर आहे की नाही, हे ठरवण्याचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि मार्क जातात ते बहुधा तिथे. त्या कामाची रीत साधी आहे: दिलेल्या प्रत्येक पदावर नियम लावायचा, उत्तर दिलेल्या पदाशी जुळतं का ते पाहायचं, एकही पद वगळायचं नाही. एवढ्याशा ताळ्यातून किती कळतं आणि कुठवर कळतं, ते वरच्याच मालिकेवर करून पाहू.

पहिला अंदाज

मालिकेची पहिली दोन पदं ४ आणि ७. फरक ३. तीनच्या पाढ्यात एक मिळवलेला दिसतो: पहिलं पद ३ × १ + १ म्हणजे ४, दुसरं ३ × २ + १ म्हणजे ७. म्हणून नियम सुचतो, ‘पदाचा क्रमांक गुणिले ३, अधिक १’. घाईत असलेला विद्यार्थी इथेच थांबतो, सातव्या पदासाठी ३ × ७ + १ करतो आणि २२ लिहून मोकळा होतो. दिलेलं सहावं पद ३९ आहे आणि पुढे २२ येतात, हे विचित्र आहे खरं. पण नजर प्रश्नचिन्हावर असली की मागचं दिसत नाही.

आता याच नियमाचा सगळ्या पदांवर ताळा करू.

| क्रमांक | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| दिलेलं पद | ४ | ७ | १२ | १९ | २८ | ३९ |
| नियमानं आलेलं | ४ | ७ | १० | १३ | १६ | १९ |
| तफावत | ० | ० | २ | ६ | १२ | २० |

नियम तिसऱ्याच पदावर चुकला. एक पद चुकलं तरी नियम बाद, त्यामुळे उत्तरापुरतं काम इथे संपलं. तरीही ताळा शेवटच्या पदापर्यंत न्यावा, कारण खालच्या ओळीतली तफावत बरंच काही सांगते. ती एकदाच आली आणि मिटली असं झालेलं नाही. पदागणिक ती वाढतच गेली आहे. २, ६, १२, २० या संख्या म्हणजे १ × २, २ × ३, ३ × ४, ४ × ५. पहिल्या दोन पदांना तफावत शून्य आहे हे धरलं, तर सगळी ओळ एका वाक्यात बसते: ‘क्रमांकातून १ वजा करा, क्रमांकातून २ वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा’. तिसऱ्या पदाला २ × १, चौथ्याला ३ × २, पाचव्याला ४ × ३, सहाव्याला ५ × ४. पहिल्या आणि दुसऱ्या पदाला यातला एक अवयव शून्य होतो, म्हणून तिथे काहीच उरत नाही.

ही तफावत जुन्या नियमात मिळवली की खरा नियम हाती येतो. बीजगणित ज्यांना येतं त्यांनी गुणाकार सोडवून पाहावा. क्रमांकाच्या पटीतले भाग एकमेकांना कापतात आणि उरतं ते ‘क्रमांकाचा वर्ग अधिक ३’. १ + ३ = ४, ४ + ३ = ७, ९ + ३ = १२, १६ + ३ = १९, २५ + ३ = २८, ३६ + ३ = ३९. सहाही पदं जुळली. सातवं पद ४९ + ३ म्हणजे ५२. चुकलेल्या नियमाचा ताळा तिसऱ्या पदावरच सोडला असता, तर दुसरा नियम पुन्हा शून्यातून शोधावा लागला असता.

कोणतं पद साक्षीदार, कोणतं नाही

एक प्रश्न राहतो. पहिला नियम चुकीचा होता, तरी पहिल्या दोन पदांना तो चोख जुळला. हा योगायोग होता का?

मुळीच नाही. तो नियम त्याच दोन पदांवरून बनवला होता. ‘क्रमांक गुणिले अमुक, अधिक तमुक’ या साच्यात दोन जागा रिकाम्या असतात आणि दोन पदं घेऊन त्या भरता येतात. ४ आणि ७ च्या जागी ४ आणि १०० असते, तरी या साच्याचा एक नियम त्यांना जुळलाच असता. म्हणून ज्या पदांवरून नियम रचला, त्यांच्यावर तो जुळणं म्हणजे नियम खरा असल्याची साक्ष नव्हे. खटल्यात फिर्यादीनं स्वतःच आपली बाजू खरी म्हणावी, त्यातलीच ही गत. खरे साक्षीदार म्हणजे नियम रचताना ज्यांना हात लावला नाही, ती पदं.

या नजरेनं वर्गाचा नियम पुन्हा पाहा. समजा तो आपण सरळ फरकांवरून काढला. पहिली तीन पदं ४, ७, १२. फरक ३ आणि ५, फरकांतला फरक २. असा फरकांतला फरक कायम राहिला की नियमात क्रमांकाचा वर्ग येतो, आणि वर्गाच्या साच्यात तीन रिकाम्या जागा असतात: वर्गाला कितीनं गुणायचं, क्रमांकाला कितीनं गुणायचं, शेवटी किती मिळवायचं. या तीन जागा भरायला पहिली तीन पदं खर्ची पडली. चौथं, पाचवं आणि सहावं पद मोकळं राहिलं. तिथे नियमानं १९, २८, ३९ सांगितले आणि मालिकेतही तेच आहेत. तीन स्वतंत्र साक्षी मिळाल्या. नियमावरचा विश्वास त्यांच्यावर उभा आहे.

म्हणून ताळा करताना मनाशी एक हिशेब ठेवावा: पदं किती दिली आहेत, त्यांतली नियम रचण्यात किती गेली आणि उरली किती. मालिकेत तीनच पदं असतील आणि आपण वर्गाचा नियम लावला असेल, तर मोकळं पद एकही उरत नाही. तिन्ही पदं जुळली तरी हाती काही आलेलं नसतं. १, २, ४ एवढंच दिलं असेल, तर पुढे दुपटीनं ८ येईल किंवा फरक एकेकानं वाढून ७ येतील. दोन्ही नियम तिन्ही पदांना जुळतात. अशा वेळी दोष सोडवणाऱ्याचा नसतो, प्रश्नात पदंच अपुरी असतात.

नियम फार लांबलचक झाला की हीच अडचण उलट बाजूनं येते. आपल्या मालिकेत सातवं पद ७७२ आहे असं कुणी म्हणालं तर? त्याचाही नियम देता येतो: ‘क्रमांकाचा वर्ग अधिक ३’ घ्या आणि त्यात क्रमांकातून १, २, ३, ४, ५, ६ एकेक वजा करून मिळालेल्या सहा संख्यांचा गुणाकार मिळवा. पहिल्या सहा पदांना या गुणाकारातला कोणता ना कोणता अवयव शून्य असतो, म्हणून सहाही पदं बिनचूक जुळतात. सातव्या पदाला मात्र गुणाकार ६ × ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे ७२० होतो आणि उत्तर येतं ५२ + ७२० = ७७२. ७२० च्या जागी कोणतीही संख्या आणता येते. गुणाकाराला योग्य पटीनं गुणलं की झालं. सगळी पदं जुळूनही हा नियम आपण मानत नाही. त्यातला प्रत्येक कंस एकेका पदाला शांत करण्यासाठी घातलेला आहे, म्हणून एकही पद स्वतंत्रपणे साक्ष द्यायला उरलेलं नाही. दोन नियम सगळ्या पदांना जुळत असतील, तर कमी रिकाम्या जागांचा नियम घ्यावा, याचं कारण हे आहे. साधेपणा दिसायला बरा म्हणून ही निवड नसते.

नियम चुकला की पद चुकलं?

बँकेच्या परीक्षांत याच प्रश्नाचं दुसरं रूप येतं. मालिकेत एक संख्या मुद्दाम चुकीची घातलेली असते आणि ती ओळखायची असते. उदाहरणार्थ ४, ७, १२, २०, २८, ३९, ५२.

इथे सगळ्या पदांचा ताळा हेच उत्तर असतं, पण ताळा कसा वाचायचा ते कळायला हवं. वर्ग अधिक ३ हा नियम लावला, तर चौथ्या पदाला १९ यायला हवेत आणि २० दिले आहेत. बाकीची सहा पदं जुळतात. नियम चुकीचा असता, तर मघासारखी तफावत वाढत गेली असती. इथे ती एका पदापुरती आली आणि लगेच शून्यावर गेली. तफावत एकटी पडली असेल तर पद चुकीचं, तफावतीची रांग लागली असेल तर नियम चुकीचा.

बरेच विद्यार्थी मात्र नियम लिहीत नाहीत, फक्त फरक काढतात. फरक येतात ३, ५, ८, ८, ११, १३. आता दोन फरक बिघडलेले दिसतात आणि घोटाळा होतो: चूक एक की दोन? चुकीची संख्या २० की २८? फरकांच्या ओळीत एका पदाची चूक नेहमी दोन जागी उमटते, कारण प्रत्येक मधलं पद दोन फरकांत भाग घेतं. त्या पदात शिरणारा फरक एकानं वाढला, तर त्यातून निघणारा फरक एकानं घटतो. इथे ७ चे ८ झाले आणि ९ चेही ८ झाले. दोन्हींची बेरीज १६ च राहिली. लागोपाठचे दोन फरक बिघडले आणि बेरीज मात्र हवी तितकीच आली, तर चूक त्या दोन फरकांच्या मधल्या पदात आहे, म्हणजे २० मध्ये.

टोकाच्या पदांना ही सोय नाही. शेवटचं पद ५२ च्या जागी ५३ असतं, तर एकच फरक बिघडला असता आणि नियमच तिथे बदलला की संख्या चुकली, हे फरकांवरून सांगता आलं नसतं. एकच संख्या चुकीची आहे असं प्रश्नात सांगितलेलं असतं, म्हणून उत्तर ठरतं. पहिल्या पदाचंही तसंच आहे. ‘आधीच्या पदात अमुक मिळवा’ अशा नियमाचा ताळा दुसऱ्या पदापासून सुरू होतो. पहिल्या पदाच्या आधी काही नसल्यामुळे ते आपण नकळत सोडून देतो. क्रमांकावरून पद देणारा नियम पहिल्या पदालाही लागतो, म्हणून ताळ्यासाठी तो अधिक सोयीचा. एक नेहमीची चूकही तो पकडतो: फरकांचा नियम ‘क्रमांकाची दुप्पट अधिक १’ हाच मालिकेचा नियम म्हणून लिहिला जातो. पहिल्या पदाला त्यानं ३ येतात, दिले आहेत ४. चूक तिथेच उघडी पडते.

सगळी पदं जुळली, तरीही

दिलेली सगळी पदं जुळली, मोकळी पदंही पुरेशी होती, तर नियम खरा मानावा का? परीक्षेत हो. प्रश्न काढणाऱ्यानं एक साधा नियम मनात धरलेला असतो आणि तो सापडला की काम झालं. मालिका एखाद्या खऱ्या मोजणीतून आली असेल, तर मात्र जपावं लागतं. याचं एक प्रसिद्ध उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करून पाहता येतं.

एक मोठं वर्तुळ काढा. त्याच्या कडेवर काही बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू इतर सगळ्या बिंदूंना सरळ रेषेनं जोडा आणि वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजा. एक बिंदू असेल तर रेषा नाही, तुकडा १. दोन बिंदूंना २ तुकडे, तीनला ४, चारला ८, पाचला १६. प्रत्येक वेळी दुप्पट. या नियमाच्या साच्यात सुरुवातीची संख्या आणि पट अशा दोनच जागा आहेत. त्यांत दोन पदं गेली, तीन मोकळ्या पदांनी साक्ष दिली. सहा बिंदूंना ३२ तुकडे येणार असं कुणीही म्हणेल. चित्र काढून मोजलं तर ३१ येतात. बिंदू सारख्या अंतरावर घेतले, तर समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा मध्यात एकाच जागी भेटतात, मधला छोटा त्रिकोण नाहीसा होतो आणि ३० च तुकडे भरतात. म्हणून बिंदू थोडे वेडेवाकडे घ्यावेत, तीन रेषा एका जागी येऊ देऊ नयेत. कसेही घेतले तरी ३२ येत नाहीत.

दुपटीचा नियम कुठे मोडतो हे आणखी पदं मोजून कळतं. खरा नियम मात्र तुकडे कसे तयार होतात ते पाहिल्यावर कळतो. आधी सगळं वर्तुळ हा १ तुकडा. प्रत्येक नवी रेषा एक तुकडा वाढवते, शिवाय ती आधीच्या जितक्या रेषांना छेदते तितके तुकडे आणखी वाढवते. म्हणजे एकूण तुकडे = १ + रेषा + छेद. सहा बिंदूंना जोडणाऱ्या रेषा १५. कोणतेही चार बिंदू निवडले की त्यांच्यात नेमका एक छेद मिळतो, आणि सहांतून चार बिंदू १५ प्रकारे निवडता येतात. १ + १५ + १५ = ३१. पाच बिंदूंना रेषा १०, छेद ५, तुकडे १६. चारांना रेषा ६, छेद १, तुकडे ८. सातला रेषा २१, छेद ३५, तुकडे ५७. दुपटीनं आले असते ६४. हा नियम मागच्या प्रत्येक पदाला जुळतो आणि पुढेही जुळणार, कारण तो आकड्यांकडे बघून सुचलेला नाही. तुकडे जसे होतात तसाच तो लिहिलेला आहे.

जिथे ताळा म्हणजेच सिद्धता

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तपासायची सगळीच उदाहरणं मोजकी आणि हातात असतील, तर प्रत्येकाचा ताळा करणं हीच पूर्ण सिद्धता होते. याचं उत्तम उदाहरण आपल्याकडचं आहे. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडून एक संख्या करा, चढत्या क्रमानं मांडून दुसरी. वजाबाकी करा आणि आलेल्या संख्येवर हेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४ च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथे येऊन थांबते. अट एवढीच की वजाबाकी ०९९९ आली तर पुढचं शून्य सोडायचं नाही. ते सोडलं तर ९९९ वजा ९९९ होऊन सगळं शून्यावर जातं.

‘प्रत्येक संख्या’ हा दावा मोठा आहे. सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या तरी चार अंकी संख्या ८,९९१ उरतात. पण पहिली वजाबाकी काय येणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं, बेरीज करा, तीच वजाबाकी. ३५२४ साठी हे फरक ३ आणि १ आहेत, म्हणून २९९७ + ९० = ३०८७. पहिला फरक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ भरतात. म्हणजे कोणत्याही संख्येची पहिली वजाबाकी या ५४ उत्तरांपैकीच एक असते. ती ५४ उत्तरं एकेक करून पुढे नेली, सगळी ६१७४ ला पोहोचली, की दावा सिद्ध झाला. हे काम वहीत, एका सुट्टीच्या दुपारी करता येतं. मात्र ५४ पैकी ५३ तपासून चालत नाही. राहिलेली एखादी जोडी कुठे जाते हे पाहिल्याशिवाय ‘प्रत्येक’ म्हणता येत नाही.

शिष्यवृत्तीच्या तयारीला बसलेल्या मुलांना म्हणून एवढंच सांगावं: नियम सुचला की पदांच्या खाली एक ओळ आखा, नियमानं येणारी प्रत्येक संख्या तिथे लिहा, आणि तिच्या खाली तफावत. तफावतीची ओळ पूर्ण शून्य असेल, तर नियम रचताना न वापरलेली पदं किती होती ते मोजा. दोन-तीन असतील तर उत्तर लिहा. एकही नसेल तर दुसरा, अधिक साधा नियम बसतो का ते पाहा. आणि तफावत कुठे आली असेल, तर खोडरबर उचलण्याआधी ती वाचा. पुढचा नियम पुष्कळदा तिच्यातच असतो.